हाकेचं नाव

दळण दळिते मी, जात्या घालिते वैरण
गुंजवणीच्या काठाला, माझ्या माहेराचं रान

रान गं वेल्ह्याचं, वेल चढला काटीला
'गुंजा गं गुंजा' हाक, कोण मारील पाठीला

तो आवाज बनाच्या कानात अजून तसाच होता. थोडा घोगरा, शेवटाला किंचित थरथरणारा, जात्याच्या घरघरीवर तरंगणारा. नवी नवरी होती ती तेव्हा. खुंट्याला सासूचा एक हात आणि तिचा एक. तांबडं फुटायच्या आधी दोघी समोरासमोर बसायच्या, आणि दिवसभर चार शब्दांवर पाचवा न बोलणारी सासू जात्यापाशी आली की झऱ्यासारखी वाहू लागायची. एकदा बनानं धीर करून विचारलं होतं, "सासूबाई, ही गुंजा कोन वं?"

जातं थांबलं. सासूनं जात्याच्या कडेच्या पाळूवरचं पीठ बोटानं सारखं केलं.

"हुती एक. माझ्या माहेरातली," ती म्हणाली, आणि मूठभर नाचणी जात्यात सोडून पुन्हा खुंट्याला हात घातला.

आज त्या जात्यापासून चार हातांवर, माजघराच्या आढ्याला पाळणा टांगला होता. पाळण्याच्या दोरांना झेंडूच्या माळा, खाली गव्हाची रास, राशीवर दिवा. सासूला जाऊन अजून वर्ष झालं नव्हतं. कितीतरी वर्षं रिकाम्या राहिलेल्या बनाच्या कुशीत बारा दिवसांची लेक होती. बनाला आई नव्हती, म्हणून पहिलं बाळंतपण असूनही ते सासरी, भोरच्या अलीकडच्या या नीरेकाठच्या गावातच झालं होतं. बाळंतिणीच्या खोलीत बाजेखाली शेगडी धुमसत होती. शेपा-ओव्याचा वास कोंदला होता. आणि बना सारखी दाराकडं बघत होती.

कारण सकाळीच कामथडीहून वन्सं आल्या होत्या.

रतनबाई आल्या त्या पायी कापूरहोळपर्यंत आणि तिथून सर्व्हिस मोटारीनं. अंगभर धूळ, डोक्यावर टोपलं. टोपल्यात हिरव्या खणाची कुंची, तिच्या कडेला स्वतः टाचलेली चांदीची घुंगरं, एक झबलं, काळ्या मण्यांच्या मनगट्या आणि घरच्या हरभऱ्याची पिशवी, घुगऱ्यांसाठी. उंबऱ्यातच त्यांनी पाय धुतले, पण पाणी टिपायच्या आधी आत येऊन बाळाला उचललं.

"बघू माझी आय! आली का गं परत? वर्साच्या आत आली की! आमाला सोडून करमंना व्हय तुला?"

त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि तोंड हसत होतं. बना बघतच राहिली. ह्या बाईचा जीवच मोठा. आई गेली तेव्हा हिला निरोप उशिरा पोचला. आली तेव्हा चिता विझत आलेली. शेवटचं तोंड दिसलं नाही. तेव्हापासून ती ह्या लेकराची वाट बघत होती.

"हनुवटी बघ बने, आयचीच. आनि कानाची पाळीबी. म्या तर मोटारीतच ठरवलं. कानात सांगायचं ते 'साळू'च. दुसरं नावच न्हाई."

बनाच्या ओठांवर शब्द आला आणि तिथंच थिजला. कारण साळू हे तिच्या सासूचं नाव. आणि सासूचं नाव सुनेच्या ओठावर येत नाही. सासू असताना नाही, गेल्यावर तर नाहीच नाही. शेजारीण 'साळूबाई हायेत का घरात' म्हणून विचारायची, तेव्हा बना 'व्हय, हायेत' एवढंच म्हणायची. शेतातल्या साळीलासुद्धा ती भात म्हणायची, आणि मळणीच्या वेळी सगळं गाव साळीच्या गोष्टी करत असताना ही आपली शब्द वळसा घालून आणायची.

लेकीचं नाव साळू पडलं, की जन्मभर ती पोटच्या पोरीला हाक मारू शकणार नव्हती.

"वन्सं," ती कशीबशी म्हणाली, "नावाचं जरा यांच्याशी बोला की."

"कुंडलिकशी? त्याला काय इचारायचं? कडंवर घेऊन वाढवलाय म्या त्याला. आनि नाव ठिवायचं आत्यानं. बापाचं काय काम त्यात?"

ते खरंच होतं. बापाचं काही काम नव्हतं. पाचवीला सटवाईची पूजा झाली त्या दिवशी बना आणि कुंडलिकनं दोघांच्यात नाव ठरवलं होतं, पण पोरीच्या कानात ते जाणार ते रतनबाईच्या तोंडातून. तिनं सांगितलं तेच खरं. म्हणूनच कुंडलिकनं कबूल केलं होतं की आक्का आल्या आल्या तिला बाजूला घेऊन सगळं सांगीन.

आता दुपार कलली होती. सांगणं सोडाच, कुंडलिकनं आक्काला तीनदा पाणी आणून दिलं होतं, दोनदा पान दिलं होतं आणि एकदा उगाच विचारलं होतं, की कामथडीला औंदा ज्वारी कशी काय हाय.

बाळंतिणीची खोली आणि गोठा यांच्यात एकच कुडाची भिंत. त्या भिंतीतून बनाला त्याचा आवाज ऐकू येत होता.

"आक्का, मंजी त्याचं काय हाय... न्हाई. आक्का, तू रागाऊ नगंस, पर..." मग वैरणीचा सळसळाट. मग पुन्हा. "आक्का, आमी दोगांनी इचार करून... हट्, सरक की बाजूला!"

हे शेवटचं बैलाला. बनाला एवढ्या काळजीतही हसू फुटलं. गाडीला बैल जुंपून भाताची पोती भोरच्या बाजारात नेणारा, वरंध्याच्या घाटात रात्री एकटा गाडी हाकणारा हा माणूस थोरल्या बहिणीपुढं मात्र शेंबडं पोर व्हायचा.

तिनं कुडाला तोंड लावलं. "कारभारी, बैलाला पटलं का?"

कुडापलीकडून उत्तर आलं, "बैलाला पटलंय. तो मान हलवतोय."

"मग आता वन्संना पटवा. बाया जमाया लागल्या."

"तूच बोल की."

"म्या कसं बोलू? ते नाव माझ्या तोंडात येत न्हाई, तर 'ते नाव नगं' तरी कसं म्हनू?"

बैलाच्या गळ्यातली घंटी तेवढी वाजली.

बाया आल्या. माजघर भरलं. बनाला न्हाऊ घालून, हिरवं लुगडं नेसवून पाळण्यापाशी पाटावर बसवलं. शेजारची सखूबाई सगळ्यांत पुढं होती. म्हातारी तोंडाची फटकळ, पण बाळंतपणात बारा दिवस हिनंच बाळाला तेल चोळलेलं.

"घे गं, आधी नाव घे," सखूबाईनं फर्मावलं. "पाटावर बसलीयास तर नवऱ्याचं नाव घे, मग लेकीचं बघू."

बना लाजली. बायांनी धरूनच ठेवलं. मग तिनं मान खाली घालून म्हटलं,

"आंबेमोहराच्या भातावर साजूक तुपाची धार,
कुंडलिकरावांचं नाव घेते, बैलावर त्यांची मदार."

माजघर हास्यानं दणाणलं. ओसरीवर बसलेल्या कुंडलिकनं ऐकलं असणार, कारण तिकडून खोकल्याचा आवाज आला. सखूबाई डोळे पुसत म्हणाली, "बरं झालं बाई, उखान्याची तरी सोय हाय. वर्सातनं दोनदा का हुईना नवऱ्याचं नाव घेता येतं. पर सासूचं उखान्यातबी येत न्हाई."

"आता पोरीच्या रूपानं घरात ऱ्हाईल की ते नाव," रतनबाई म्हणाल्या. कुंची बाळाच्या डोक्यावर बसवता बसवता त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "आयचं नाव ठिवनार हाय म्या."

बायांच्या माना डोलल्या. एकटी सखूबाई डोलली नाही. तिनं बनाकडं बघितलं, आणि बनाच्या तोंडावरचं सगळं तिला वाचता आलं.

"रतने, एक सांगू?" ती म्हणाली. "माझ्या थोरलीला माझ्या सासूचं नाव. सासऱ्याची हौस. म्या तिला जन्मभर 'ए पोरी' म्हनत आले. एकदा भोरला रामनवमीच्या उत्सवाला गेलो. ही गर्दी! पालखी आली, रेटारेटी झाली, आनि पोरगी हातातनं सुटली. आता वरडू काय? वरडले, 'ए पोरी! ए पोरी!' तर साऱ्या चौकातल्या पोरी वळून बगाया लागल्या. माझीच तेवढी वळंना. तिला रोज शंभर बाया 'ए पोरी' म्हनत्यात, तिला काय कळनार?"

"मग गावली का?" कोणीतरी विचारलं.

"गावली. एका बांगड्यावाल्याच्या पालाखाली रडत हुती. पर त्या वक्ताला सासूचं नाव जिभंवर आलंवतं गं, आनि म्या दात आवळून ते गिळलं. लेक हरवली तरी गिळलं." म्हातारीचं हसू मावळलं. "अजून घशात हाय ते."

रतनबाईंनी कुंचीचा बंद बांधला, सोडला, पुन्हा बांधला.

"हाकेचं नाव दुसरं ठिवू की," त्या म्हणाल्या. आवाज थोडा उतरला होता, पण हट्ट तसाच होता. "कानातलं साळू. बनीनं छबू म्हनावं, तानी म्हनावं, काय बी म्हनावं. पर माझ्या आयचं नाव ह्या घरातनं पुसायचं न्हाई. चला गं, उशीर व्हतोय."

रीत सुरू झाली. वरवंट्याला खणात गुंडाळून, कुंकू लावून, लेकरासारखं हातावर घेतलं. पाळण्याच्या एका अंगाला रतनबाई, दुसऱ्या अंगाला सखूबाई. वरवंटा पाळण्याखालून गेला, वरून आला.

"कुनी गोविंद घ्या."

"कुनी गोपाळ घ्या."

दगडाचं ते बाळ पाळण्यात निजवलं आणि मग खरं बाळ हळूच त्याच्या शेजारी ठेवलं, म्हणजे ते वरवंट्यासारखं टणक होतं म्हणतात. बायांनी पाळण्याची दोरी धरली.

पहिल्या दिवशी गं, दिवा लागला माजघरी
लेक आली सोनपावली, नीरामाईच्या तीरी, जो बाळा जो जो...

बनाला गाणं ऐकू येत होतं ते पाण्याखालून ऐकू यावं तसं. पदर पुढं घेऊन रतनबाई पाळण्यावर वाकल्या. बाळाच्या कानाशी तोंड नेलं. आजूबाजूच्या बायांनी त्यांच्या पाठीत धपाटे घालायला हात उचलले. आता 'कुर्रर्र' होणार आणि...

"आक्का, थांब."

सगळ्या माना दाराकडं वळल्या. माजघराच्या चौकटीत कुंडलिक उभा होता. हातात पटका, कपाळावर घाम, धोतराला कडबा चिकटलेला.

"अगो बया!" एकीनं पदर सावरला. "बाप्या मानूस हितं कुठं?"

"कुंडलिक, भाईर हो," रतनबाई वाकलेल्याच होत्या. "तुझं काय काम हाय हितं?"

"काम हाय," कुंडलिक म्हणाला. त्यानं उंबरा ओलांडला नाही. चौकटीला धरून उभा राहिला, जसा घाटात गाडीचा कठडा धरावा. "नाव तूच सांग. तुझा मान हाय. पर आमी दोगांनी जे नाव काढलंय ते आनि का काढलंय, ते ऐक. मग तुला वाटंल ते कर. म्या पुन्यांदा तोंड उघडनार न्हाई."

रतनबाई ताठ झाल्या. बाळ वरवंट्याशेजारी चुळबुळत होतं.

"तू म्हनतीस आय परत आली," कुंडलिकनं सुरुवात केली. बनानं ओळखलं, हे वाक्य त्यानं बैलापुढं घोकलेलं नव्हतं. "मलाबी तसंच वाटतं. पर आक्का, आय परत आली आसंल, तर ती कुठल्या हाकंला ओ देईल? साळूला? साळू हे तिचं नाव आपल्या घरानं ठिवलेलं. लगीन करून आनली, उंबऱ्यावर तांदळाचं माप ठिवलं, आनि माप लवंडायच्या आधी आपल्या आज्जीनं इचारलं, नाव काय गं? तिनं सांगितलं. आज्जी म्हनली, हे कसलं डोंगरातलं नाव. आमचं भाताचं घर. आजपासनं तू साळू. तिनं माप लवंडलं, आत आली, आनि आपलं नाव उंबऱ्याभाईर ठिवून आली."

"हे तुला कुनी सांगितलं?"

"रखमाजीमामानं. आय आजारी पडली तवा मामा वेल्ह्याहून आलावता. आयची शुद्ध गेलीवती. आमी म्हनत व्हतो, आय, आय. आबा म्हनत व्हते, आगं ए. डोळं उघडंना. मामानं उशाशी बसून हाक मारली. 'गुंजे' म्हनला. आक्का, तिनं डोळं उघडलं. लहान पोर बघतं तसं बघितलं त्याच्याकडं."

रतनबाईंचा हात पाळण्याच्या दोरीवर होता. दोरी थांबली.

"तिचं नाव गुंजा व्हतं," कुंडलिक म्हणाला. "आमाला तेच नाव ठिवायचं हाय."

"गुंजा?" रतनबाईंनी तो शब्द तोंडात कडू लागल्यासारखा उच्चारला. "गुंज मंजी ती लाल बी? सोनाराच्या तागडीतली? सगळ्यांत हलकं वजन! आनि फोडून खाल्ली तर ईख! असलं नाव पोरीला?"

"आज्जी हेच म्हनलीवती," कुंडलिक हसला. हसला आणि अडकला. इथून पुढं काय बोलायचं ते त्यानं घोकलेलं होतं, आणि जे घोकलं होतं तेच सगळं विसरलं. त्यानं पटका पिळला, बनाकडं बघितलं. गाळात रुतलेला माणूस बघतो तसं.

बाळंतिणीनं भर बायकांत, ओसरीवर सासरा ऐकत असताना बोलायचं नसतं. बनानं पदर डोक्यावरून पुढं ओढला, आणि बोलली.

"वन्सं, हे नाव माझ्या तोंडात येतं. कारन ते या घरानं ठिवलेलं न्हाई. म्या ज्यांची सून, त्यांचं नाव म्या कधी घेनार न्हाई. पर गुंजा मंजी सून न्हवं, सासू न्हवं. ती वेल्ह्याच्या रानातली एक लेक हाय. सासूबाईंनी मला स्वतः सांगितलंय, 'हुती एक, माझ्या माहेरातली.' त्या एका लेकीला म्या हाक मारू शकते."

सखूबाईच्या तोंडून "अगं बाई!" असा उद्गार निसटला. सगळं गणित तिला एका झटक्यात कळलं होतं.

"आनि हलकं म्हनता," बना पुढं म्हणाली, "तर सोनाराकडं सोनं कशानं तोलत्यात? आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. सगळ्या बिया सारख्या. वल्या व्हत न्हाईत, सुकून घटत न्हाईत. औंदाची बी अन् दहा वर्सांमागची बी, तागडीत एकच. म्हनून सोन्याचा भरवसा गुंजंवर. सोनं गुंजंला तोलत न्हाई वन्सं, गुंज सोन्याला तोलती. ईख म्हनता, तर ते आतल्या गाभ्यात हाय. तिला कुनी फोडली तर. अख्खी गुंज लेकरांच्या हातातबी खेळती. आनि तिचा पाला? पानाच्या विड्यात घालत्यात, गोड लागतो, गळा मोकळा करतो. सासूबाईंचा जात्यावरचा गळा ऐकलाय ना तुमी?"

रतनबाईंची नजर जात्याकडं गेली.

"मामा म्हनले, त्यांच्या घरामागं काटीवर गुंजंचा वेल हाय, आनि खाली गुंजवणी वाहती. बाळंतीन झालेली त्यांची आय त्या वेलाखाली बसलीवती, म्हनून लेकीचं नाव गुंजा. नदीचंबी तेच, वेलाचंबी तेच. ते पानी वाहत खाली येतं, नीरंला मिळतं. आमच्या पाटात येतं. नाव मातर तिथंच ऱ्हायलं. आमाला वाटतं, ते पन खाली यावं."

कुंडलिक चौकटीतून बायकोकडं बघत होता. त्याच्या डोळ्यांत जे होतं ते लपवायला त्यानं पटक्यानं तोंड पुसलं.

मग रतनबाईंचा आवाज आला, आणि तो रागाचा नव्हता. त्याहून वाईट होता.

"म्या तिच्या पोटची लेक. आनि मला माझ्या आयचं नाव ठावं न्हाई. सुनेला ठावं."

एवढं नेमकं दुःख बनाला अपेक्षित नव्हतं. तिला वाटलं होतं वन्सं चिडतील, कुंची टोपल्यात टाकून कामथडीचा रस्ता धरतील, माहेर तोडतील. हे असं उघडं, उन्हात ठेवल्यासारखं दुःख तिला पेलवेना. ती पाटावरून उठली. बाळंतिणीनं उठायचं नसतं, तरी उठली, आणि वन्संच्या पायाशी बसली.

"लेकीला कशाला सांगतील त्या? लेकीनं सासरी जायचं हुतं. तिनं रमावं, मागं बघू नये, म्हनून न्हाई सांगितलं. मलाबी न्हाईच सांगितलं. जात्याला सांगितलं. म्या निस्ती समोर बसले व्हते."

"काय सांगितलं जात्याला?"

बनानं गायलं. तिला सासूसारखा गळा नव्हता. पण चाल तीच, आणि शेवटाला येणारा थरथराट या वेळी तिचा स्वतःचा होता. रान गं वेल्ह्याचं, वेल चढला काटीला. 'गुंजा गं गुंजा' हाक, कोण मारील पाठीला.

ओवीच्या शेवटाला रतनबाईंचे ओठ हलत होते. त्यांना ती ओवी पाठ होती. लहानपणी अर्ध्या झोपेत रोज ऐकलेली.

"म्या समजत व्हते ही कुनी मैतरीन," त्या पुटपुटल्या. "जल्मभर समजत व्हते." मग दाराकडं वळून मोठ्यानं म्हणाल्या, "आबा! हे खरं हाय का?"

ओसरीवर कोंडिबा, रतनबाई-कुंडलिकचा म्हातारा बाप, खांबाला टेकून बसला होता. सकाळपासून त्यानं एक शब्द काढला नव्हता. तसा तो कमीच बोलायचा.

"आबा, तुमालाच इचारते."

ओसरीवरून उत्तर आलं. "हां. गुंजाच."

रतनबाईंनी डोळे पुसले. दोन्ही तळव्यांनी, लहान मुलीसारखे. मग पदर कमरेला खोचला, आणि एकदम पूर्वीच्या रतनबाई झाल्या.

"मग माज्या तोंडाकडं काय बघतायसा? आयचंच नाव ठिवायचं म्हनलं व्हतं म्या, आनि आयचंच ठिवनार! तुमाला ठावं व्हतं, मला न्हवतं, एवढंच. कुंडलिक, तू भाईर हो. बने, पाटावर बस. बाळंतीन भुईवर बसती व्हय? सखूबाई, दोरी धरा."

त्या पाळण्यावर वाकल्या. बाळाच्या इवल्या कानावरून कुंचीची कड मागं सारली.

"कुर्रर्रर्र... गुंजा. गुंजाबाई. गुंजाबाई कुंडलिक..."

धपाधप धपाटे पडले. सखूबाईनं तर सूड उगवावा तसा हात चालवला. "हां, घे! जरा म्हनून माझ्या घशातलं सुटलं बग!" म्हणत ती मारत होती आणि रतनबाई हसत, रडत, "मेले गं!" म्हणत मार खात होत्या. बना त्या बाईकडं बघत राहिली. आपलं दुःख बाजूला काढून ठेवून दुसऱ्याच्या लेकीच्या कानात ते गोड करून सांगायला केवढी छाती लागते! ह्या घरातल्या बायका अशाच. नाव बाहेर ठेवून आत येणाऱ्या, आणि कधी न सांगता देऊन जाणाऱ्या.

घुगऱ्या वाटल्या. ओट्या भरल्या. कामथडीचा हरभरा चांगला शिजला होता, त्याची तारीफ झाली. बाया एकेक करून गेल्या. प्रत्येक जणी जाताना पाळण्यात डोकावून "गुंजाबाई, येते हां" म्हणून जाई. जणू नाव हातोहात फिरून मऊ व्हायला हवं होतं. सखूबाई सगळ्यांच्या शेवटी गेली. दारात थांबून बनाला म्हणाली, "मार की एकदा हाक. मला ऐकायचीय."

बनानं पाळण्यावर वाकून हाक मारली. "गुंजा."

तोंडात काही अडकलं नाही. शब्द सरळ बाहेर आला.

म्हातारी मान हलवत गेली.

दिवेलागणीला कोंडिबा आत आला. माजघरात तो कधी असा येऊन उभा राहत नसे. बनानं पदर घेतला, रतनबाई बाजूला सरल्या. म्हातारा पाळण्यापाशी उभा राहिला. एक हात दोरीवर, एक पाठीशी.

"बसा की आबा," रतनबाई म्हणाल्या. "घ्या नातीचं नाव. आता तर लाज न्हाई ना? आयला कधी नावानं हाक मारली न्हाई तुमी. 'आगं ए', 'ऐकलं का'. साळू म्हनूनसुदिक न्हाई."

"साळू म्हनून कसं मारनार?" म्हातारा म्हणाला.

दोघी त्याच्याकडं बघू लागल्या. तो पाळण्याकडंच बघत होता.

"लगीन वेल्ह्यात झालं. वरात निघायची वेळ. म्या बैलगाडीपाशी उभा. आनि तिच्या बापानं परड्यातनं हाक मारली तिला. 'गुंजे' म्हनला. ती वळली." दोरीवरची बोटं एकदा उघडली, मिटली. "वळली ती आशी, की आक्खं तोंड उजाडलं. म्या त्या दिसापास्नं कुनाला तसं वळताना बघितलं न्हाई. हितं आली. साळू झाली. साळू म्हनलं की यायची, काम करायची, पर तशी वळायची न्हाई. म्हनून म्या साळू म्हनलं न्हाई. आनि दुसरं म्हनायला... माझी आय हुती, घर हुतं, मान्सं हुती. न्हाई म्हनता आलं."

बनाला ओवी आठवली. रोज पहाटे या भिंतीपलीकडं, ओसरीवर, हा माणूस घोंगडीत पडलेला असायचा.

"रोज इचारायची जात्यावर," कोंडिबा म्हणाला. "कोन हाक मारील म्हनून. म्या जागाच आसायचो."

तो वाकला. गुडघे कुरकुरले. पाळण्याच्या कडेला त्यानं दोन्ही हात टेकले आणि तोंड थेट त्या हिरव्या कुंचीपाशी नेलं. घसा खाकरला. एकदा, दोनदा. आणि मग, परड्यातून मारावी तशी लांब नव्हे, जवळच्या माणसाला मारावी तशी, त्यानं हाक मारली.

"गुंजे."